एका मेसेजात आठ कामं: दहा तारखेचं एक प्रकरण

भोसरी एमआयडीसीतला एक छोटा कारखाना, पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर काढून देणारा. मालक एकटेच, म्हणजे प्रोप्रायटरी धंदा. उलाढाल पाच कोटींच्या आत असल्यामुळे ई-इन्व्हॉइसची भानगड नाही. जीएसटीचं रिटर्न मात्र तिमाही न भरता दरमहा भरतात, कारण मोठ्या गिऱ्हाइकांना बिलावर दिलेल्या कराचं क्रेडिट दर महिन्याला दिसायला हवं असतं. हिशेब आणि करांची कामं बाहेरच्या एका कार्यालयाकडे आहेत. तिथे एक मॅडम आणि हाताखाली दोन मुलं. हे प्रकरण एका विशिष्ट माणसाचं नाही. अशा कार्यालयांत दर महिन्याला येणाऱ्या मेसेजांवरून ते बेतलं आहे. रकमा समजायला सोप्या घेतल्या आहेत, कायद्याच्या तारखा आणि नियम मात्र खरे आहेत.

सप्टेंबर महिना, गणपती नुकतेच उठलेले. ९ तारखेला, मंगळवारी, रात्री पावणेदहाला मालकांचा हा मेसेज आला:

> नमस्कार मॅडम. गणपतीच्या गडबडीत राहून गेलं, सगळं एकदमच टाकतो. ऑगस्टचं जीएसटी भरायचं आहे, बिलं सोबत पाठवलीत. बँकेतून दोनदा फोन आला, स्टॉक स्टेटमेंट अर्जंट द्या म्हणतात. जुलैच्या एका बिलात पार्टीचा जीएसटी नंबर चुकलाय, त्यांचा माणूस रोज डोकं खातोय, तेवढं दुरुस्त करून टाका. उद्या गाडी निघतेय, ८६ हजारांचा माल आहे, ई-वे बिल काढून ठेवा. आणि हो, त्या रेट डिफरन्सची क्रेडिट नोट पण करायची आहे, ती याच जीएसटीत धरा. लेबर काँट्रॅक्टरचा टीडीएस ७ तारखेला भरायचा राहिला, तो आधी करा नाहीतर व्याज लागेल. पगारपत्रक जोडलंय, पीएफचं चलन काढा. मुलाच्या एज्युकेशन लोनसाठी तीन वर्षांचे रिटर्न लागतील, ते सवडीने. बँकेचं मात्र आजच होतंय का बघा. बाकी तुम्हाला माहीतच आहे.

कार्यालय उघडलं बुधवारी, १० तारखेला सकाळी दहाला. मेसेज तेव्हा वाचला गेला.

आधी शेवटपर्यंत वाचायचं

असा मेसेज आला की हात आपोआप पहिल्या जोडपत्राकडे जातो. बिलं दिसली की मुलं नोंदी करायला बसतात. ते थांबवायचं. एकही फाइल न उघडता मेसेज शेवटपर्यंत वाचायचा, आणि प्रत्येक काम वहीत किंवा शीटमध्ये एकेका ओळीवर उतरवायचं. ओळीत चार गोष्टी हव्यात: काम काय, मालकांनी त्यासाठी वापरलेला शब्द जसाच्या तसा, खरी तारीख, आणि ते काम सुरू करायला आपल्याकडे काय नाही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि तोच लोक गाळतात.

मालकांचे शब्द जसेच्या तसे का लिहायचे, ते या मेसेजात लगेच दिसतं. टीडीएसला ‘आधी करा’ म्हटलंय. बँकेच्या कामाला ‘अर्जंट’ म्हटलंय आणि शेवटी पुन्हा ‘आजच’. जीएसटी नंबराला ‘तेवढं दुरुस्त करून टाका’, म्हणजे त्यांच्या मते ते दोन मिनिटांचं काम. क्रमांक एकवर दोन कामं बसली आहेत आणि यातलं कुठलं खाली सरकवायचं हे मेसेजात कुठेच नाही. आपण मनाने ठरवलं तर निम्म्या वेळा चुकीचं ठरेल.

मग दिवसवाचक शब्दांच्या तारखा करायच्या. मेसेज ९ तारखेला रात्री लिहिलेला आहे. त्यातलं ‘उद्या’ म्हणजे १० तारीख, म्हणजे वाचताय तो दिवस. गाडी आजच निघणार आहे, कदाचित तासाभरात. ‘आजच’ मात्र रात्री पावणेदहाला लिहिलंय. तेव्हा बँक बंद होती, म्हणजे त्याचा अर्थ ‘उद्या सकाळी पहिलं’ असाच घ्यायचा. मेसेज रात्रीचा आणि वाचन सकाळचं, या फटीत सर्वांत जास्त घोळ होतात. ई-वे बिल, म्हणजे गाडीतल्या मालासोबत लागणारा ऑनलाइन कागद, चौथ्या कामात, एका वाक्यात, कुठल्याही ‘अर्जंट’शिवाय आलेलं आहे, आणि घड्याळ सर्वांत जोरात त्याचंच चाललंय.

एक वाक्य म्हणजे एक काम नव्हे

यादी करताना कामांची संख्या बदलते. ‘ऑगस्टचं जीएसटी भरायचं आहे’ हे एक वाक्य, पण त्यात दोन रिटर्न आहेत. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, ११ तारखेपर्यंत जायला हवा. जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न, २० तारखेपर्यंत. मध्ये १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतो, आणि पुरवठादारांनी टाकलेल्या बिलांचं क्रेडिट आपल्याला त्यातून कळतं. म्हणजे ३बी १० तारखेला भरायला बसण्यात अर्थच नाही. मालकांच्या मनात ‘जीएसटी’ हे एकच काम असतं. त्यांना तुकडे करून सांगितलं नाही, तर ११ तारखेला रिटर्न टाकल्यावर ‘झालं ना जीएसटी?’ असं विचारतात आणि कराचे पैसे दुसरीकडे फिरवून मोकळे होतात.

उलटही घडतं. वेगळं दिसणारं काम दुसऱ्याच्या पोटात असतं. जुलैच्या बिलातला चुकलेला जीएसटी नंबर दुरुस्त करण्यासाठी वेगळा अर्ज नसतो. ती दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये, आधीच्या बिलांच्या दुरुस्तीच्या तक्त्यात (९ए) होते. ‘राहिलं तर नंतर जीएसटीआर-१ए मधून करू’ हा मार्गही इथे चालत नाही. १ए मध्ये बाकी बरंच बदलता येतं, पण खरेदीदाराचा जीएसटी नंबर बदलता येत नाही. म्हणून हे ‘तेवढं’ काम ऑगस्टच्या रिटर्नच्या आधी आलंच पाहिजे. आज सुटलं तर पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत अडकलं, आणि पार्टीचा माणूस तोवर रोज फोन करणार. शिवाय मालकांनी बरोबर नंबर पाठवलेलाच नाही.

क्रेडिट नोटचं, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी करणाऱ्या कागदाचं, आणखी वेगळं. मालक म्हणतात, ‘याच जीएसटीत धरा.’ पण नोट अजून ‘करायची आहे’, म्हणजे काढलेली नाही. ज्या महिन्यात नोट निघते त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये ती दाखवायची असते. सप्टेंबरात काढली तर ती ऑक्टोबरच्या ११ तारखेपर्यंत जाणाऱ्या रिटर्नात येईल. समजा फरक २५ हजारांचा आणि कर १८ टक्के. मग साडेचार हजारांचा कर या महिन्यात कमी होणार नाही. ऑगस्टची तारीख टाकून नोट काढणं हा उपाय नाही. समोरच्याच्या खात्यात ती सप्टेंबरात पोहोचलेली दिसणार आणि जुळणी बिघडणार. म्हणजे मालकांनी घाईच्या रांगेत घातलेलं हे काम खरं तर रांगेतच नाही. पण हे आज सांगायला हवं, कारण २० तारखेला किती पैसे लागतील याचा हिशेब त्यांनी हा कर वजा धरून केलेला असू शकतो.

‘आधी’चा खरा अर्थ काय

टीडीएसचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे, कारण इथे मालकांची घाई बरोबर आहे पण कारण चुकीचं आहे. समजा काँट्रॅक्टरचं ऑगस्टचं बिल १,४०,००० रुपयांचं. तो व्यक्ती म्हणून काम करतो, म्हणून एक टक्का, म्हणजे १,४०० रुपये टीडीएस. कापला २५ ऑगस्टला, भरायचा होता ७ सप्टेंबरपर्यंत. उशीर झाला की व्याज कापल्याच्या तारखेपासून लागतं, महिन्याला दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. म्हणजे ऑगस्ट एक आणि सप्टेंबर एक, असे तीन टक्के, ४२ रुपये. हे व्याज लागून चुकलंय. १० तारखेला भरलं तरी ४२ आणि ३० तारखेला भरलं तरी ४२. ते वाढेल १ ऑक्टोबरला.

म्हणून भरायला उशीर करावा असं नाही. कापलेला टीडीएस सरकारचा पैसा आहे, तो या आठवड्यात गेलाच पाहिजे. पण सकाळी, गाडी आज निघायची असताना, ते पहिलं काम होऊ शकत नाही. चुकलेल्या तारखेचं काम सर्वांत तातडीचं वाटतं, कारण त्याची बोच असते. तातडी ठरवताना एकच प्रश्न उपयोगी पडतो: आज न करता परवा केलं तर नेमकं काय बिघडेल?

हाच प्रश्न बँकेला लावला तर उत्तर कार्यालयाकडे नाही, मालकांकडे आहे. कॅश क्रेडिट खात्यात किती रक्कम उचलता येईल ते स्टॉक स्टेटमेंटवरून ठरतं: माल, येणं आणि देणं यांचा हिशेब करून बँक मर्यादा काढते, ज्याला सगळे ‘डीपी’ म्हणतात. जुन्या आकड्यांवरची मर्यादा बँक किती दिवस चालू ठेवेल ते तिच्या मंजुरीपत्रावर आणि अधिकाऱ्यावर अवलंबून असतं. दोनदा फोन आला म्हणजे नुसती आठवण असेल, किंवा जुलैचंही गेलं नसेल, किंवा खात्यावर मोठा चेक येणार असेल. तिन्हींची तातडी वेगवेगळी.

आणि मालकांनी ‘आजच’ म्हटलं तरी स्टेटमेंट आज होऊ शकत नाही, याची दोन कारणं आहेत. ३१ ऑगस्टचा शिल्लक माल, कच्चा, अर्धवट आणि तयार, हे आकडे फक्त कारखान्यात आहेत. आणि गिऱ्हाइकांकडून येणं किती, हे ऑगस्टची विक्रीबिलं नोंदवल्याशिवाय कळत नाही. नेमक्या याच नोंदींवर जीएसटीआर-१ ही उभं आहे. म्हणजे ‘बँक आधी की जीएसटी आधी’ हा वाद फसवा आहे. दोन्हींच्या आधी विक्रीच्या नोंदी येतात, आणि बँकेच्या वाटेवरचा मोठा अडसर मालकांच्याच गोडाऊनमध्ये आहे.

मालक सांगतात ती निकड. कुठलं काम कशाशिवाय होतच नाही, तो क्रम. निकड विचारून घ्यायची असते, क्रम आपण सांगायचा असतो. हा क्रम मालकांना ठाऊक असेल अशी अपेक्षा धरू नये. त्यांच्या ‘बाकी तुम्हाला माहीतच आहे’चा अर्थ तोच आहे.

पहिल्यांदा फोन, मग मेसेज

ई-वे बिलासाठी लेखी उत्तराची वाट पाहायची नाही, सरळ फोन. विचारायचं एवढंच: बिल कोणत्या युनिटच्या नावाने, माल उतरणार कुठे, गाडी किती वाजता. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरावर काम आहे की नाही हेच ठरतं. हा माल ज्या गिऱ्हाइकाला जातोय त्याची दोन युनिटं आहेत, एक कोल्हापूरला आणि एक बेळगावला. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर एक लाखापर्यंत ई-वे बिल लागत नाही. राज्याबाहेर जात असेल तर ५० हजारांच्या वर लागतं. करासह ८६ हजारांचा माल कोल्हापूरला गेला तर काहीच काढायचं नाही, बेळगावला गेला तर काढलंच पाहिजे, आणि बिलावर आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी, हवा.

फोनवर उत्तर मिळालं: बिल आणि माल दोन्ही बेळगाव, गाडी दोनला, नंबर ट्रान्सपोर्टवाला एकपर्यंत देईल. म्हणजे ई-वे बिलाचा भाग ए, मालाचा तपशील, आत्ता भरून ठेवायचा, गाडी नंबर आला की भाग बी. नुसत्या भाग एवर माल हलवता येत नाही, वाटेत पकडलं तर ते बिल ग्राह्य नाही. मुदत भाग बी भरल्यापासून मोजतात, २०० किलोमीटरला एक दिवस. भोसरी ते बेळगाव साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे दोन दिवस मिळतात.

या फोनवर बाकीच्या सात कामांची चर्चा करायची नाही. मालक प्रेसच्या आवाजात उभे असतात, ‘हो हो, करा’ म्हणतात, आणि संध्याकाळी त्यांना काय ठरलं ते आठवत नाही. बाकीचं लेखी.

सव्वादहाला गेलेला मेसेज असा:

> साहेब, मेसेज मिळाला. त्यात आठ कामं दिसतात. क्रम असा धरते:
>
> आज दुपारी २ च्या आत: बेळगावच्या गाडीचं ई-वे बिल. नंबर १ वाजेपर्यंत द्या.
> आज दिवसभर: ऑगस्टच्या बिलांच्या नोंदी. बँक आणि जीएसटी दोन्हीला याच लागतात.
> आज ५ वाजता: टीडीएस (व्याजासह १,४४२) आणि पीएफ, दोन्ही चलनं तयार. एकाच बैठकीत नेटबँकिंगने भरा.
> उद्या ११ तारीख: सकाळी जीएसटीआर-१, ओटीपीसाठी ११ ते १२ मोबाइल जवळ ठेवा. दुपारी बँकेचं स्टेटमेंट.
> शुक्रवार १२: मुलाच्या लोनसाठी तीन वर्षांचे रिटर्न. त्याआधी हवे असतील तर कळवा.
> १५ तारखेनंतर: कर भरण्याचं रिटर्न (३बी), शेवटची तारीख २०.
>
> क्रेडिट नोट सप्टेंबरची निघेल, त्यामुळे कर या महिन्यात कमी होणार नाही, पुढच्या महिन्यात होईल. २० तारखेचे पैसे त्या हिशेबाने ठेवा.

आणि लगेच वेगळा, दुसरा मेसेज:

> तीन गोष्टी तुमच्याकडून:
> १. ३१ ऑगस्टचा शिल्लक माल (कच्चा / अर्धवट / तयार) आज संध्याकाळी देता की उद्या सकाळी ९ ला?
> २. जुलैचं ते बिल कोणतं, आणि पार्टीचा बरोबर जीएसटी नंबर काय? नंबर थेट त्यांच्या माणसाकडून घेऊ का?
> ३. बँकेला स्टेटमेंट उद्या दुपारी गेलं तर काय अडेल? चेक वगैरे यायचाय का?

दोन मेसेज मुद्दाम. क्रम आणि प्रश्न एकत्र असले की उत्तर येतं अंगठ्याचं, आणि तो अंगठा क्रमाला आहे की प्रश्नांना हे कळत नाही. प्रश्न असे घालायचे की ‘ओके’ हे उत्तर होऊच शकणार नाही: आज की उद्या, नंबर काय, काय अडेल. आणि तीनच. ज्याच्या उत्तराने क्रम बदलेल किंवा काम अडेल, तेवढेच प्रश्न. लोनची तारीख प्रश्नात घातली नाही, तिथे शुक्रवार गृहीत धरून ‘त्याआधी हवे असतील तर कळवा’ म्हटलं. चुकलं तर पाच मिनिटांत उतरवून देता येणारी कागदपत्रं आहेत, त्यासाठी चौथा प्रश्न नको. पीएफची तारीख १५ असूनही ते आजच्या बैठकीत घेतलं, कारण १३ तारखेला दुसरा शनिवार, १४ ला रविवार. ऑनलाइन भरणा सुट्टीतही होतो, पण पैसे अडकले तर विचारायला बँकेत कुणी नसतं. शिवाय मालकांना नेटबँकिंगला एकदाच बसवता येतं.

पहिल्या मेसेजात प्रत्येक ओळीला वेळ आहे, आणि कारण फक्त तिथेच दिलंय जिथे मालकांच्या शब्दाविरुद्ध क्रम लावला. टीडीएस ‘आधी’ म्हटलं होतं, तो पाचला आहे. शेजारी व्याजाची रक्कम दिसते, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही हे न सांगता कळतं.

अर्धं उत्तर

साडेअकराला मालकांचं उत्तर आलं:

> ओके मॅडम. स्टॉक उद्या ९ ला देतो. १२ ला स्टीलवाल्याचा चेक आहे, तो पास झाला पाहिजे.

आता बँकेच्या कामाला खरी तारीख मिळाली. ‘अर्जंट’ म्हणजे १२ च्या चेकआधी मर्यादा लागली पाहिजे. म्हणजे स्टेटमेंट ११ ला दुपारी नुसतं पाठवून चालणार नाही. अधिकाऱ्याने ते पाहून मर्यादा सिस्टिममध्ये टाकायला वेळ हवा. म्हणून ११ चं वेळापत्रक पुन्हा मांडायचं: माल ९ ला आला की स्टेटमेंट साडेदहापर्यंत बँकेत, त्यानंतर ११ ते १२ जीएसटीआर-१. एका वाक्यात मालकांना कळवायचं: ‘चेक १२ ला आहे म्हणून उद्या बँक आधी, रिटर्न त्यानंतर, ओटीपीची वेळ तीच.’ हे शक्य झालं, कारण विक्रीच्या नोंदी आज संपणार आहेत. रिटर्नची फाइल आज रात्रीच तयार असेल, उद्या फक्त टाकायची. शेवटच्या दिवशी पोर्टल मंद होतं, म्हणून संध्याकाळवर ढकलायचं नाही.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच नाही. वरच्या ‘ओके’त ते धरलंय असं समजणं ही ठरलेली चूक. जिथे आपण गृहीत धरून पुढे जाऊ शकतो तिथे मौन चालतं, पण जीएसटी नंबर गृहीत धरता येत नाही. पुन्हा सगळी यादी पाठवायची नाही, तोच एक प्रश्न एकटा पाठवायचा आणि सोबत मुदत: ‘जुलैच्या बिलाचा बरोबर नंबर उद्या १० पर्यंत आला नाही तर ती दुरुस्ती पुढच्या महिन्यात जाईल, रिटर्न थांबवता येणार नाही.’ शेवटचा भाग गरजेचा आहे. रिटर्न उशिरा गेलं तर विलंब शुल्क लागतंच, पण खरं नुकसान वेगळं: ऑगस्टमधल्या सगळ्याच गिऱ्हाइकांचं क्रेडिट त्यांच्या या महिन्याच्या २बीतून निसटतं. एका पार्टीच्या नंबरासाठी बाकी सगळ्यांना अडकवायचं नाही, हा निर्णय मालकांना आधीच माहीत असला की उद्या वाद होत नाही.

नंबर आला तर तो तसाच टाकायचा नाही. पंधरा अक्षरं आहेत का, सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे आहेत (महाराष्ट्राचे २७), आणि पोर्टलवर शोधल्यावर त्याच पार्टीचं नाव येतं का, एवढं पाहायचं. पहिला नंबर चुकला तो बहुधा ‘ओ’ आणि ‘शून्य’ यांच्या घोळात. दुसराही व्हॉट्सअ‍ॅपवरून पाहून टाइप केला तर तोच घोळ पुन्हा होतो, म्हणून नंबर मजकूर म्हणून मागवायचा, फोटो नको.

तीन वाजता नववं काम

ई-वे बिल निघालं, गाडी गेली. तीनला मालकांचा फोटो आला: जीएसटी कार्यालयाची नोटीस, खाली ‘जरा बघा’. नोटीस म्हटलं की सगळं सोडून तिच्याकडे वळावंसं वाटतं. फक्त दोन गोष्टी पाहायच्या: कोणत्या काळाबद्दल आहे, आणि उत्तराची शेवटची तारीख. इथे तारीख ३० सप्टेंबर होती. मग उत्तर असं: ‘उत्तराची तारीख ३० आहे. १५ नंतर घेते, आजचा आणि उद्याचा क्रम तोच ठेवते. नोटिशीसोबत तक्ता असेल तर तोही पाठवून ठेवा.’ नवं काम घेताना कशाच्या पुढे आणि कशाच्या मागे ते सांगितलं नाही, तर मालक समजतात की ते सगळ्यांच्या पुढे गेलं. तारीख परवाची असती तर मात्र विचारावं लागलं असतं: यासाठी कोणतं काम मागे घेऊ? ते मालकांनी निवडायचं.

कुठे ही पद्धत अडते

मालकांचं उत्तर आलंच नसतं तर? क्रमाच्या मेसेजात गृहीत धरलेल्या गोष्टी तशाच चालू ठेवायच्या, कारण त्यातली कुठलीही न परतवता येणारी नाही. परतवता न येणारी पावलं, म्हणजे रिटर्न टाकणं किंवा पैसे भरणं, उत्तराशिवाय करायची नाहीत. इथे तसंही ओटीपी आणि नेटबँकिंग मालकांच्याच हातात आहे, त्यामुळे ती चूक आपोआप टळते. जिथे कार्यालयाकडेच पासवर्ड असतात तिथे ती होते.

दोन माणसं काम सांगत असतील, समजा मालक आणि त्यांचा भाऊ, तर क्रमाचा मेसेज दोघांनाही एकत्र जायला हवा. भावाने मध्येच ‘पीएफ राहू द्या, आधी माझं कोटेशनचं बघा’ म्हटलं तर निवड आपण करायची नाही, त्या दोघांनी करायची. आणि काम व्हॉइस नोटवर आलं असेल तर ती ऐकून आठ ओळी लिहून परत पाठवायच्या. सहा मिनिटांच्या बोलण्यातलं ‘ते पण बघा’ नंतर शोधून सापडत नाही.

आठ ऐवजी दोनच कामं असतील आणि तारखा स्पष्ट असतील, तर एवढा खटाटोप नको. ‘आधी हे, मग ते, संध्याकाळपर्यंत’ ही एक ओळ पुरते. रोज प्रत्येक गोष्टीची परवानगी मागणाऱ्या कार्यालयाच्या मेसेजांना लोक उत्तर देणं सोडतात, आणि मग खरोखर गरज असते तेव्हाही ते येत नाही.

११ तारखेला संध्याकाळी वहीतल्या यादीवर तीन ओळी उघड्या राहिल्या: ३बी, नोटिशीचं उत्तर आणि क्रेडिट नोट. लोनचे रिटर्न दुपारीच पाठवून झाले होते. क्रेडिट नोटच्या ओळीपुढे सप्टेंबरच्या रिटर्नचा महिना लिहून ठेवायचा, आणि मालकांकडून अजून एक कागद हवा आहे तोही: गिऱ्हाइकाचं नवीन दर मान्य केल्याचं पत्र किंवा डेबिट नोट. ते आल्याशिवाय नोटेवर कोणत्या बिलांचा फरक ते लिहिता येणार नाही.